दोन बरोबर, तरी शून्य?

टिळकवाडीचा बाप
मुलगी नववीत, मराठी माध्यम. काल क्लासच्या फाउंडेशन टेस्टचा निकाल लागला. प्रश्न होता: "खालीलपैकी अपरिमेय संख्या ओळखा. (अ) √8 (ब) 22/7 (क) π (ड) 0.1010010001…" उत्तर अ, क, ड. पोरीनं अ आणि क केलं. चारपैकी शून्य! चुकीचं एकही लिहिलं नाही, फक्त एक राहिलं. ज्यानं 22/7 वर खूण केली त्यालाही शून्य आणि हिलाही शून्य? तीनपैकी दोन म्हणजे दोन तृतीयांश गुण, साधा हिशोब आहे. असले पेपर काढणाऱ्यांनाच एकदा बसवा पेपराला.

खानापूरचा मास्तर
गेली वीस वर्षं हेच शिकवतोय, म्हणून गप्प बसवत नाही. साहेब, तुमचा साधा हिशोब लावला तर वर्गातला सगळ्यात आळशी पोरगा पहिला येईल. तो काय करेल? डोळे मिटून चारही पर्यायांवर खुणा करेल. तीनही बरोबर पर्याय त्यात आले, म्हणजे त्याला तीनपैकी तीन. तुमच्या मुलीला दोन. चालेल?

आता म्हणाल, प्रत्येक पर्यायाला वेगळा गुण द्या: बरोबर पर्याय घेतला तर एक, चुकीचा सोडला तरी एक. करून बघा. तुमच्या मुलीनं अ घेतला, क घेतला, ब सोडला, हे तिन्ही निर्णय बरोबर. ड सोडला, तो चुकला. चारपैकी तीन. चारही खुणा करणाऱ्याचा फक्त ब चुकला, त्यालाही चारपैकी तीन! आणि ज्यानं पेनच उचललं नाही, त्याला ब सोडल्याबद्दल एक गुण फुकट.

"चुकीचं एकही लिहिलं नाही" म्हणता. पण या प्रकारात न लिहिणं हेही उत्तरच असतं. ड मोकळा ठेवला म्हणजे "ही संख्या परिमेय आहे" असं तिनं सांगितलं, आणि ते चूक आहे.

टिळकवाडीचा बाप
म्हणजे शून्य योग्य? मास्तर, तुम्ही पोरांना शिकवता की कोर्टात उभं करता?

खानापूरचा मास्तर
शून्य योग्य असं कुठं म्हटलं? तुमची पद्धत चूक, एवढंच म्हटलंय. जेईई ॲडव्हान्स्डवाल्यांनी यावर बराच बरा तोडगा काढलाय. सगळे बरोबर पर्याय आणि तेवढेच, तर 4. काही राहिले पण चुकीचा एकही घेतला नाही, तर जितके बरोबर घेतले तितके गुण. एकही चुकीचा घेतला की वजा 2. तिथं तुमच्या मुलीला 2 मिळाले असते आणि चारही खुणा करणाऱ्याला वजा 2. तुम्हाला हवा तो फरक तिथं दिसतो.

गेटवाला शहापूर
मास्तर, एवढ्या भानगडीची गरजच नाही. एम.टेक.च्या प्रवेशाच्या गेट परीक्षेत 2021 पासून हे प्रश्न आहेत. अर्धे गुण नाहीत, वजा गुणही नाहीत. चार पर्यायांतून काही ना काही निवडायच्या तऱ्हा 15, त्यातली एकच बरोबर. अंदाजानं लागायची शक्यता पंधरात एक. आंधळेपणानं कोण जिंकणार? वजा गुण कशाला? मी स्वतः दिलीय परीक्षा, ठोकून काही मिळत नाही.

खानापूरचा मास्तर
ज्याला काहीच येत नाही त्याच्यापुरतं बरोबर. पण असा पोरगा किती वेळा भेटतो? बहुतेकांना तीन पर्याय पक्के येतात आणि एकावर गाडी अडते. त्याच्यासाठी 15 तऱ्हा उरत नाहीत, दोनच उरतात. त्याच्यासाठी ते नाणं उडवणंच आहे.

गेटवाला शहापूर
बरं, हे मान्य. तरी दोनात एक म्हणजे काही लॉटरी नव्हे.

वडगावचा पाटील
मला एक कळंना झालंय. यात एवढं अवघड काय हाय ओ? माझ्या भाच्यानं स्पर्धा परीक्षेत असले प्रश्न धडाधड सोडवले. एक विधान चूक आहे कळलं की ते असलेले पर्याय उडवायचे. "फक्त 1 आणि 2" हेच उरतंय मग. तुमची पोरगी नीट शिकाली न्हाई, एवढंच.

खानापूरचा मास्तर
पाटील, तो प्रकार वेगळा. तिथं विधानं चार असली तरी शेवटी गोल एकच भरायचा. म्हणून तर विधान 3 चूक कळलं की निम्मी चिठ्ठी फाटते. यूपीएससीनं 2023 च्या पूर्वपरीक्षेत "फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही" असे पर्याय देऊन तीच वाट बंद केली होती, तेव्हा बोंब झाली ती तुम्ही ऐकली असेल. इथं प्रत्येक पर्यायाचा न्याय वेगळा करावा लागतो. उडवाउडवीनं काही हाताला लागत नाही.

वडगावचा पाटील
असं असंल तर माझं वाक्य मागं. पोरीबद्दल बोललो ते पण मागं.

अनगोळकर
सगळे गुणांत अडकलेत, पण प्रश्न परत वाचा. "अपरिमेय संख्या ओळखा." एक की अनेक? माझा मुलगा त्याच पेपरला बसला होता. √8 वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला गेला. कारण मराठीत एक संख्याही "संख्या" आणि दहा संख्याही "संख्या"! इंग्रजी पेपरात numbers होतं, मी स्वतः बघितलंय. कानडी पेपरात "संख्येगळु", त्या "गळु"त अनेकवचन स्वच्छ दिसतं. फक्त मराठीच्या पोरांनाच ते कळायला मार्ग नाही. हे नेहमीचंच. पेपर आधी इंग्रजीत, मग कानडीत, आणि मराठी शेवटच्या रात्री कुणाच्या तरी गळ्यात. सीमाभागात मराठी माध्यमात पोरगं घातल्याची शिक्षा आहे ही.

गेटवाला शहापूर
झालं, आलं भाषेचं रडगाणं. पेपराच्या माथ्यावर सूचना नसते का, "एक किंवा अधिक पर्याय"?

अनगोळकर
रडगाणं? तुमची परीक्षा इंग्रजीत झाली म्हणून तुम्हाला सुचतंय. सूचना पहिल्या पानावर, प्रश्न चौथ्या पानावर. ओएमआरवर सगळे गोल सारखेच. निदान स्क्रीनवर चौकोन दिसला तर पोरगं ओळखतं की इथं जास्त खुणा चालतात आणि गोल दिसला तर एकच. कागदावर ती सोय पण नाही.

गेटवाला शहापूर
मग टिळकवाडीकरांच्या मुलीनं त्याच पेपरात दोन खुणा कशा केल्या? तिला कळलं ना?

अनगोळकर
एका पोरीला कळलं म्हणून प्रश्न बरोबर होत नाही. तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

निपाणीची बाई
भांडू नका, गुन्हेगार मीच असू शकते. म्हणजे तो पेपर माझा नव्हे, पण असे पेपर मराठीत मी खूप केलेत. अनगोळकर म्हणतात ते खरं आहे आणि अर्धं आमच्या आळसामुळं आहे. "संख्या ओळखा" असं लिहिलं की वचन लपतं. "कोणत्या संख्या अपरिमेय आहेत?" असं लिहिलं की उघडं पडतं. "विधान" शब्द आला तर उलटा घोळ. "कोणते विधान बरोबर आहे" लिहिलं की पोरं एकच शोधतात, "कोणती विधाने" लिहिलं की निदान दोन तरी असणारच असं धरून दुसरं ओढून आणतात. इंग्रजीत is/are लिहून सुटतात. आपल्याकडं "आहे/आहेत" लिहावं लागतं आणि त्याआधी "विधान/विधाने". वाचताना दात पडतात, पण मी आता तसंच लिहिते, आणि प्रत्येक प्रश्नाखाली "एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात" हे परत टाकते.

गुणांचं म्हणाल तर गेल्या वर्षी गुगल फॉर्मवर चाचणी घेतली, चौकोनवाले प्रश्न टाकले. निम्म्या वर्गाला शून्य. फॉर्म सगळं तंतोतंत जुळलं तरच गुण देतो, अर्धे गुण स्वतःहून देत नाही. एका रात्रीत छत्तीस पोरांचे गुण हातानं बदलले. त्यानंतर असा प्रश्न मी चार वेगळ्या चूक-बरोबर ओळींत फोडते.

खानापूरचा मास्तर
बाई, फोडल्यावर प्रश्न सोपा होतो. प्रत्येक ओळ निम्म्या शक्यतेनं लागते. शिवाय मोकळी ओळ आणि "चूक" हे वेगळं कळतं खरं, तेवढा फायदा मानतो.

पण मूळ गोष्ट राहिलीच. परीक्षेची पद्धत बदलली की पोरानं कुठं थांबायचं हे बदलतं, आणि क्लासवाले ते सांगत नाहीत. तुमच्याच मुलीचं घ्या. अ आणि क पक्के, ब नाही हे पक्कं, ड वर शंका. जेईई ॲडव्हान्स्डच्या पद्धतीत ड सोडला तर: ड खरंच बरोबर असेल तर 2, नसेल तर 4. ड घेतला तर: बरोबर असेल तर 4, नसेल तर वजा 2. म्हणजे घेऊन जिंकलात तर 2 जास्त, हरलात तर 6 कमी. ड बद्दल चारात तीन, म्हणजे 75 टक्के खात्री असेल तरच घ्यायचा. एकच पर्याय पक्का असेल तर दुसरा घ्यायला तीनात दोन खात्री पुरते, कारण तिथं मिळकत 3. तीन पक्के असतील तर चौथ्यासाठी सातात सहा लागते, कारण मिळकत फक्त 1. जितकं जास्त येतं तितकं शेवटच्या खुणेला घाबरायचं, असा उलटा मामला.

आणि तुमच्या क्लासच्या पद्धतीत, म्हणजे गेटसारख्या? 50 टक्क्यांच्या वर खात्री वाटली की घ्यायचा. सोडून काही वाचत नाही. तिथं सावध राहणारं पोरगंच मार खातं. तुमची मुलगी सावध राहिली असेल तर दोष पद्धतीचा, एवढं मी तुमच्या बाजूनं म्हणतो.

गेटवाला शहापूर
हे गेटला बसायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन वेळा "उगाच कशाला" म्हणून पर्याय सोडले होते. वजा गुण नसताना!

अनगोळकर
छान. आता हाच हिशोब माझ्या मुलासाठी करा, ज्याला एकच खूण करायची आहे असं वाटलं.

खानापूरचा मास्तर
त्याच्यासाठी हिशोब नाही. तो प्रश्न मराठीत चुकला होता, हे तुमचं कबूल.

टिळकवाडीचा बाप
संध्याकाळी पोरीला विचारलं, ड का सोडलास? म्हणाली, "बाबा, त्यात पॅटर्न आहे की! एक शून्य, मग दोन शून्य, मग तीन. पॅटर्न असला की परिमेय." म्हणजे सावध वगैरे काही नव्हती, तिला पक्कं वाटत होतं.

निपाणीची बाई
अहो, हा वर्गातला नेहमीचा घोळ. पॅटर्न वेगळा आणि तोच गट पुन्हा पुन्हा येणं वेगळं. इथं शून्यं दर वेळी एकानं वाढतात, म्हणून तोच एक गट कायम परत परत येत राहत नाही. तिला 1/7 भागून बघायला सांगा: 142857 परत परत येतात, तसं इथं काही येतं का शोध म्हणावं. आणि ब सोडला ना तिनं? 22/7 म्हणजेच π असं धरून निम्मी पोरं तिथंच आपटतात.

टिळकवाडीचा बाप
ब सोडला, हो. कारण अपूर्णांक दिसला म्हणून. तेवढं तरी आलं तिला.
मास्तर, शून्य बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. दोन गुण द्यायला पाहिजे होते. दोन तृतीयांशाचा हट्ट मात्र सोडला.

खानापूरचा मास्तर
दोनावर माझीही सही. क्लासवाल्यांकडून घेऊन दाखवा आधी.

वडगावचा पाटील
माझ्या भाच्याला 22/7 विचारलं आत्ता. म्हणाला "पाय". आता काय बोलायचं ओ.