आगाऊ ऑर्डर घेताना तारीख काय लिहिलीत, आणि ती चुकली तेव्हा काय झालं?

कलमवाली
काल घरामागच्या कलमाला मोहोर दिसला. आनंद व्हायच्या आधी पोटात गोळाच आला, कारण २०२५ ची वही आठवली. पावसजवळ आमची थोडी कलमं आहेत. त्या वर्षी जानेवारीत पेट्यांची नोंदणी घेतली, पूर्ण पैसे आधी. मजकूर आदल्या वर्षीचाच चिकटवला: "अक्षय्य तृतीयेच्या आत पेटी घरपोच." २०२४ ला तृतीया १० मेला होती, २०२५ ला ३० एप्रिलला. सण दहा दिवस अलीकडे सरकला, आंबा थोडाच सरकतो? त्यात पहिला मोहोर गळला. टिकला तो जानेवारीतला, आणि मोहोरापासून काढणीपर्यंत साडेतीन महिने धरले की मेच उजाडतो. म्हणजे मला फेब्रुवारीतच कळायला हवं होतं.

६२ पेट्यांपैकी ३८ वेळेत गेल्या, २४ राहिल्या. हे म्हणाले, "येतीलच की चार दिवसांत, सांगायचं कशाला?" मी ऐकलं आणि थेट २ मेला मेसेज टाकला. एका काकूंनी उत्तरात फक्त रिकाम्या नैवेद्याच्या ताटाचा फोटो पाठवला.

गंमत म्हणजे ज्यांना २९ तारखेला पोचली तेही चिडले. फळ हिरवं, गवतात ठेवून पिकायला सहा-सात दिवस. मी पोचायची तारीख लिहिली होती, त्यांनी खायची वाचली.

यंदा तृतीया १९ एप्रिलला आहे. मजकूर नव्याने लिहायचाय. तुमचे अनुभव टाका.

डोंबिवलीचा_दादा
पेटी किती डझनाची? भाव काय? दोन हव्यात.

कलमवाली
अहो दादा, तारीखच ठरत नाहीये म्हणून तर धागा काढलाय 😄

येवल्याची_सून
आमचं उलटं, माल संपल्यावर घेतलेल्या ऑर्डरी. पैठणीच्या फोटोखाली "सध्या शिल्लक नाही, नोंदवल्यास ६ आठवड्यांत" असं कायमचं लिहून ठेवलं होतं. माग दोन, त्या नमुन्याची एक साडी उतरायला तीन आठवडे. पहिल्या चौघींना सहा आठवडे बरोबर बसले. पाचवीची साडी मागावर चढायलाच सहा आठवडे गेले, हातात पडायला नऊ. पाचवीचं लग्न आठव्या आठवड्यात होतं. सासऱ्यांनी स्वतःच्या नात्यातली एक साडी मागून आणून दिली तिला, ती वेगळीच कथा.
आता दर ऑर्डरीनंतर पानावरची तारीख मी हाताने पुढे ढकलते. "६ आठवडे" नाही लिहीत, सरळ "आज नोंदवली तर १४ ते २१ मार्च". आठवडे लिहिले की पैसे भरल्यापासून मोजायचे की सूत आल्यापासून, यावर भांडण होतं.

अण्णा_सांगली
एवढं काय त्यात. "नैसर्गिक आपत्तीमुळे उशीर झाल्यास जबाबदारी नाही" ही ओळ टाका खाली. कायद्यात आहे ती सूट. पैसे परत द्यायला लागत नाहीत.

रात्रपाळी
अण्णा, अर्धं बरोबर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत दिलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याने नाही म्हणायचं नाही, असं आहे. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला तर त्यातून सुटका, हेही आहे. पण ती सूट *उशिरा पोचलेल्या* मालापुरती. माल पाठवलाच नाही आणि पैसे ठेवून घेतले, तर ती ओळ कामाला येईल असं मला वाटत नाही. आणि ताईंच्या बाबतीत आपत्ती कुठली? पंचांग बदललं ही आपत्ती नव्हे.

अण्णा_सांगली
मोहोर गळला ना पण!

रात्रपाळी
गळला, पण फेब्रुवारीत माहीत होतं.
बरं, मी लोकांची दुकानं वूकॉमर्सवर बसवून देतो, तिथली नेहमीची चूक सांगतो. साठा शून्य झाल्यावरही ऑर्डर चालू ठेवायला लोक `Allow, but notify customer` निवडतात. गिऱ्हाइकाला दिसतं फक्त `Available on backorder`. तारीख नाही, आणि किती ऑर्डरी घ्यायच्या याला मर्यादाही नाही. एका मसालेवालीकडे एका रात्रीत दळण क्षमतेच्या तिप्पट ऑर्डरी जमल्या होत्या. तारीख वर्णनात स्वतः लिहावी लागते, आणि पैसे भरल्यावर जाणाऱ्या ईमेलमध्येही तीच हवी. भांडण होतं तेव्हा लोक तो ईमेल उघडतात, पान नाही.
गूगलच्या यादीत माल टाकत असाल तर तिथेही खरं लिहा:

```
availability: preorder
availability_date: 2026-05-05T10:00+0530
```

तारीख सरकली की दोन्हीकडे बदला. पानावर एक आणि इथे दुसरं असेल तर ते नापास करतात.

एडिसन_न्यूजर्सी
आमच्याकडे याला जुना नियम आहे. तारीख लिहिली नसेल तर ३० दिवसांत पाठवायचं. नाही जमलं तर कळवून नवी तारीख आणि रद्द करायची सोय द्यायची. नवा उशीर ३० दिवसांच्या आत असेल तर गिऱ्हाईक गप्प राहिलं म्हणजे थांबायला तयार आहे असं धरतात. त्याहून जास्त असेल तर त्याचा स्पष्ट होकार लागतो, नाहीतर पैसे परत. मी इथे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. पहिल्या वर्षी चकलीची भाजणी विमानतळावरच अडकली, तेव्हा शिकले हे सगळं. आंब्याला मात्र ३० दिवस म्हणजे सीझनच संपला.

कलमवाली
हेच अडतंय. मी असं लिहिलंय, बघा:

"काढणी २० एप्रिल ते ५ मे. आंबा काढल्यापासून दोन दिवसांत रवाना, तुमच्याकडे हिरवा पोचेल, खाण्याजोगा व्हायला आणखी ६ ते ८ दिवस. अक्षय्य तृतीयेसाठी (१९ एप्रिल) ही पेटी नाही. तारीख पुढे जाणार असेल तर १० एप्रिलपर्यंत मेसेज करू. तेव्हा नवी तारीख घ्या, किंवा लहान फळाची पेटी घेऊन फरक परत घ्या, किंवा पूर्ण पैसे परत. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर पैसे परत."

शेवटच्या ओळीवर घरात वाद. हे म्हणतात, गप्प बसलेल्याला थांबू द्या, निम्मे लोक मेसेजच वाचत नाहीत.

येवल्याची_सून
तृतीयेसाठी नाही हे ठळक लिहिलंत ते फार बरं. पण शेवटचं भाऊजींचं बरोबर वाटतं. पैसे परत गेले की माझी बाई दुसरीकडे जाते, आणि साडी मागावर अर्धी असते.

रात्रपाळी
साडी थांबते, आंबा थांबत नाही. न वाचलेल्या माणसाच्या दारात १० मेला पेटी गेली आणि तो गावाला गेला असेल तर? मी पैसे परत म्हणेन. नाहीतर नोंदणीला निम्मेच पैसे घ्या, म्हणजे परत करायचं ओझंही निम्मं.

एडिसन_न्यूजर्सी
निम्मे घेतले तर उरलेले वसूल करताना वेगळी डोकेदुखी, अनुभव आहे. पण दोन दिवस कमी आहेत हो, तीन तरी द्या. लोक मेसेज रविवारीच वाचतात.

अण्णा_सांगली
गवत कुठलं वापरता पेटीत? आमच्याकडे आलेल्या पेटीत वर्तमानपत्र होतं नुसतं, निम्मे आंबे डागी.

कलमवाली
भाताचा पेंढा, अण्णा. वर्तमानपत्रात गरम होतो आंबा.

डोंबिवलीचा_दादा
ताई, मला तृतीयेचं नाही, मेमध्ये चालेल. दोन पेट्या लिहा. उशीर झाला तरी थांबतो, पण मेसेज करा हां.