करारात ‘कंत्राटदार’, हातात कंपनीची व्हॅन: आडवाटेवरच्या अपघाताची भरपाई कोणी द्यायची?

मालवाहू
माझा मित्र पार्सल पोहोचवणाऱ्या एका कंपनीची व्हॅन चालवतो. ‘हे स्वतंत्र कंत्राटदार असून कंपनीचे नोकर नाहीत’ असे त्याच्या करारात लिहिले आहे. व्हॅन, गणवेश आणि रोजची यादी मात्र कंपनीची. एका संध्याकाळी शेवटचे पार्सल दिल्यावर डेपोकडे न परतता तो बहिणीचे औषध आणायला तीन किलोमीटर दुसऱ्या दिशेला गेला आणि परत फिरल्यावर, नेहमीच्या रस्त्याला लागण्याआधीच, त्याने एका सायकलस्वाराला धडक दिली. चूक आपली होती हे तो मान्य करतो. कंपनी म्हणते की तो आमचा नोकर नाही, आणि असला तरी तो त्या वेळी स्वतःच्या कामाला गेला होता. सायकलस्वाराने भरपाई कोणाकडे मागायची?

रोखठोक
करारावर दोघांच्या सह्या आहेत, त्यामुळे प्रश्न तिथेच संपतो. सज्ञान माणसाने ‘मी नोकर नाही’ असे लिहून दिल्यावर उद्या तेच वाक्य गैरसोयीचे ठरले म्हणून ते खोडता येत नाही. शिवाय अशा करारांत कंपनीची गाडी खासगी कामासाठी वापरू नये अशी अट बहुधा असतेच. मनाई असताना केलेल्या कृत्याचा भार मालकावर टाकणे मला तरी न्यायाचे वाटत नाही. चालकाने चूक केली आहे, भरपाई चालकानेच द्यावी.

कागदपत्री
चालक स्वतः जबाबदार आहेच, त्याबद्दल वाद नाही. मालकाची जबाबदारी त्याच्या जागी येत नाही, तिच्या जोडीला येते, आणि दुखावलेला माणूस दोघांवरही दावा लावू शकतो. परंतु वरच्या दोन्ही मुद्द्यांत थोडी गफलत झाली आहे.

सह्या दोघांच्या आहेत हे खरे असले, तरी सायकलस्वाराने कशावरही सही केलेली नाही. कंपनी आणि चालक यांनी एकमेकांना काय म्हणायचे ठरवले, याने त्याचा हक्क बुडत नाही. न्यायालय करार वाचते, पण शीर्षकाच्या पुढे जाऊन वाचते: कामाची वेळ कोण ठरवतो, गाडी कोणाची आहे, डिझेल आणि दुरुस्तीचा खर्च कोण करतो, चालकाला आपल्याऐवजी दुसरा माणूस पाठवता येतो का, आणि त्याने हुशारीने काम केले तर त्याचा नफा वाढतो की महिन्याअखेरीस ठरलेलेच पैसे मिळतात. ही उत्तरे नोकरीकडे बोट दाखवत असतील, तर वर ‘कंत्राटदार’ असे ठळक अक्षरांत छापलेले असूनही फारसा उपयोग होत नाही.

मनाईचे म्हणाल तर तो वाद 1862 सालीच इंग्लंडमध्ये होऊन गेला. लंडनच्या एका घोड्यांच्या बसकंपनीने आपल्या चालकांना छापील सूचना दिली होती की दुसऱ्या बसशी शर्यत लावू नये किंवा तिला आडवे जाऊ नये. एका चालकाने नेमके तेच केले, दुसरी बस उलटली आणि तरीही कंपनीला भरपाई द्यावी लागली, कारण चालक बस चालवण्याचे आणि प्रवासी मिळवण्याचे, म्हणजे मालकाचेच काम करत होता. फक्त ते नको त्या रीतीने करत होता. काम *कसे* करू नये अशी मनाई मालकाला वाचवत नाही. मनाईने कामाचे क्षेत्रच आखून दिले असेल, तर गोष्ट वेगळी.

उलटतपासणी
कागदपत्री यांचे म्हणणे मान्य करूनही मी कंपनीच्या बाजूने उभा आहे, कारण ‘गणवेश कंपनीचा म्हणजे माणूस नोकर’ ही उडी फार लवकर मारली जाते. 1968 सालचा काँक्रीट वाहणाऱ्या ट्रकचालकाचा इंग्लिश खटला पाहावा. ट्रक कंपनीच्या रंगात रंगवलेला होता, चालक कंपनीचा गणवेश घालत होता, कंपनी सांगेल तिथे जात होता. तरीही तो स्वतंत्र कंत्राटदार ठरला, कारण ट्रक त्याने हप्त्यांवर घेतला होता, देखभालीचा खर्च त्याच्या खिशातून जात होता आणि त्याला बदली चालक नेमता येत होता. तो खटला अपघाताचा नसून विमा वर्गणीचा होता, पण कसोटी म्हणून आजही त्याचाच आधार घेतात. तेव्हा मालवाहू यांनी आधी बदली माणसाच्या कलमाबद्दल सांगावे. माझ्या मते अर्धा निकाल तिथे आहे.

मालवाहू
करार आताच पुन्हा वाचला. ‘कंत्राटदारास योग्य प्रतिनिधी पाठविण्याची मुभा राहील’ असे नवव्या कलमात आहे. पण त्याच्याच खाली, बारीक अक्षरांत, प्रतिनिधीचे नाव 48 तास आधी लेखी कळवावे, तो कंपनीने प्रशिक्षित केलेला असावा आणि कंपनीची परवानगी असावी, असे लिहिले आहे. चार वर्षांत मित्राने एकदाही कोणाला पाठवलेले नाही. आजारी पडला तेव्हा कंपनीनेच दुसरा चालक लावला आणि त्या दिवसाचे पैसे कापले. व्हॅनचा विमा, दुरुस्ती आणि डिझेल कंपनी बघते. त्याला दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते आणि सकाळी साडेसातला डेपोत हजेरी लावावी लागते.

कागदपत्री
मग त्या काँक्रीटच्या ट्रकचालकाशी या गृहस्थांचे साम्य गणवेशापुरतेच उरते. जी मुभा वापरण्यासाठी कंपनीचीच परवानगी लागते, तिला मुभा कशी म्हणावी? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मीठ पिकवणाऱ्या आगरियांना कामगार ठरवले. ते हाताखाली स्वतःची माणसे घेत होते, तरीही. काम काय करायचे याबरोबर ते कसे करायचे यावरही मालकाचे नियंत्रण होते का, हे न्यायालयाने तपासले. तो औद्योगिक कायद्याखालचा वाद होता, त्यामुळे तो अपघाताच्या दाव्यात तसाच्या तसा बसवू नये. पण बारीक अक्षरांतल्या कलमाकडे कसे पाहावे ते त्यातून शिकता येते.

घरधनी
थोडे विषयांतर होईल, पण माझे प्रकरण असेच आहे. मी घराच्या बाहेरच्या भिंतीचे रंगकाम एका कंत्राटदाराला दिले होते. त्याच्या मजुराच्या हातून लोखंडी बादली सुटली आणि शेजाऱ्यांच्या गाडीची काच फुटली. शेजारी म्हणतात की काम तुमचे, म्हणून पैसे तुम्ही द्या. वर ‘मालक जबाबदार’ असे वाचले आणि पोटात गोळा आला. मी दररोज संध्याकाळी रंग पाहून ‘अजून एक हात मारा’ असे सांगत असे. हे नियंत्रण झाले का?

कागदपत्री
घाबरू नका. रंगाला अजून एक हात मारायला सांगणे म्हणजे हवा तो परिणाम सांगणे. परांची कशी बांधायची, बादली कशी वर चढवायची आणि कोणत्या मजुराला कुठे उभे करायचे, हे तुम्ही ठरवले नाही. तो मजूर त्या कंत्राटदाराचा नोकर आहे, आणि त्याच्या निष्काळजीपणाचा भार कंत्राटदारावर जातो. काम करवून घेणारा आणि कामावर ठेवणारा यांच्यात कायद्याने जी भिंत घातली आहे, ती नेमकी तुमच्यासारख्यांसाठी आहे.

अर्थात त्या भिंतीला दारे आहेत. अगदीच नालायक माणूस निवडला, चुकीची गोष्ट स्वतःच करायला सांगितली, किंवा काम मुळातच असाधारण धोक्याचे असले, तर काम देणाराही अडकतो. 1934 सालच्या एका खटल्यात एका इंग्लिश कंपनीने चित्रपटगृहाच्या आतले फोटो काढायला छायाचित्रकार नेमले होते. त्यांच्या मॅग्नेशियमच्या फ्लॅशने पडदा पेटला आणि जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीवरही आली. नंतरच्या न्यायालयांनी हा अपवाद बराच आवळला आहे. भिंत रंगवणे त्यात बसत नाही.

उलटतपासणी
घरधनी यांच्याबाबत सहमत. आता मूळ वादाकडे येतो. समजा मालवाहूंचा मित्र नोकर ठरला. कंपनीचा दुसरा बचाव तरीही उभा राहतो, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक भक्कम आहे. 1869 सालच्या एका खटल्यात गाडीवान दारूच्या बाटल्या पोहोचवून परतत होता. सोबतच्या कारकुनाच्या आग्रहाने त्याने गाडी भलत्याच दिशेला, कारकुनाच्या खासगी कामासाठी वळवली आणि वाटेत अपघात केला. मालक सुटला, कारण तो मालकाच्या प्रवासातला फेरा नव्हता, वेगळाच प्रवास सुरू झाला होता. पुढे 1989 साली इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने म्हटले की प्रवासाला केवळ आनुषंगिक नसलेला फेरा माणसाला तेवढ्या वेळापुरता नोकरीच्या ओघाबाहेर काढतो. बहिणीचे औषध पार्सलच्या फेरीला आनुषंगिक कसे? आणि ‘तेवढ्या वेळापुरता’ याचा अर्थ, तो नेहमीच्या रस्त्याला पुन्हा लागेपर्यंत.

रोखठोक
मीही हेच म्हणत होतो.

कागदपत्री
नाही, तुम्ही मनाईबद्दल बोलत होता. हे अंतराबद्दल आणि हेतूबद्दल आहे. यात कंपनीकडे खरोखर बोलण्यासारखे काही आहे, हे मी मान्य करतो.

पण 1868 सालचा, म्हणजे जेमतेम वर्षभर आधीचा, निकालही वाचावा. घोडागाडी चालवणारा माणूस परवानगी नसताना जेवायला पाव मैल आडवाटेने घरी गेला, घोडा दारात मोकळा सोडला आणि तो उधळला. तिथे मालक जबाबदार ठरला, कारण दिवसभर घोडा-गाडी सांभाळणे हेच त्या माणसाचे काम होते आणि ते जेवणाच्या वेळीही चालूच होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसते की न्यायालये फेऱ्याची मात्रा तोलतात, त्यासाठी ठोक रेषा आखत नाहीत. म्हणून ‘नेहमीच्या रस्त्याला लागेपर्यंत’ हे कलम तुम्ही स्वतःच्या पदरचे घातले आहे. तो माणूस औषध घेऊन परत फिरला होता आणि व्हॅन डेपोत नेत होता. व्हॅन डेपोत पोहोचवणे हे त्याच्या कामाचा भाग होते का, हे मला आधी समजले पाहिजे.

मालवाहू
हो. रात्री नऊच्या आत व्हॅन डेपोत लावून किल्ली जमा करण्याची अट आहे, उशीर झाला तर दंड कापतात. धडक 7 वाजून 40 मिनिटांनी झाली. व्हॅनच्या जीपीएसमध्ये सगळा माग आहे. नेहमीचा चौक तिथून साधारण 900 मीटर पुढे होता आणि व्हॅनचे तोंड डेपोकडे होते.

कागदपत्री
तो जीपीएसचा माग आणि किल्लीच्या नोंदवहीची प्रत सायकलस्वाराच्या वकिलाने आजच लेखी मागून घ्यावी. असा माग काही आठवड्यांनी पुसला गेला तर नंतर फक्त तोंडी साक्ष उरते. औषधाच्या दुकानाची पावतीही महत्त्वाची आहे, कारण वेळ छापलेली असेल तर उलट प्रवास नेमका कधी सुरू झाला ते तीच सांगेल.

उलटतपासणी
पावती माझ्याही बाजूची आहे. सहा वाजता शेवटचे पार्सल दिले आणि औषध सव्वासातला घेतले असे निघाले, तर मधला सव्वा तास तो काय करत होता? तीन किलोमीटरचा फेरा मी कदाचित सोडूनही देईन, पण बहिणीकडे बसून गप्पा मारल्या असतील तर सोडणार नाही.

मालवाहू
पावतीवर 7 वाजून 22 मिनिटे आहेत. शेवटचे पार्सल 6 वाजून 55 मिनिटांनी दिल्याची सही आहे. बहिणीच्या घरी तो गेलाच नव्हता, औषध दुसऱ्या दिवशी नेऊन देणार होता.

उलटतपासणी
मग माझा आक्षेप निम्म्याने कमी झाला. उरलेल्या त्या 900 मीटरवर मी अजूनही कंपनीच्या बाजूने युक्तिवाद करीन, आणि एखादा न्यायाधीश तो ऐकूनही घेईल.