मदत हवी आहे : फायब्रिनोजेन ‘नॉर्मल’, तरी डीआयसी?

नमस्कार. ३६ आठवड्यांची गरोदर बाई, प्रसूतीआधीच वार सुटलेली, पोट दगडासारखं कडक. रिपोर्टमध्ये फायब्रिनोजेन २१० आलं. लॅबची रेंज २०० ते ४००, त्यामुळे शेजारी कुठलीही खूण नाही. प्लेटलेट १.४ लाख, पीटी १५ सेकंद (कंट्रोल १३), डी-डायमर खूप वाढलेला.

माझी समजूत अशी: सुटलेल्या वारेतून टिश्यू फॅक्टर आईच्या रक्तात शिरतो, थ्रॉम्बिन बेसुमार तयार होतं आणि जागोजागी बारीक गुठळ्या होतात. त्यात प्लेटलेट, फायब्रिनोजेन आणि इतर फॅक्टर खर्ची पडतात, म्हणून पुढे रक्त थांबत नाही. सेप्सिसमध्येही खर्च होतोच, पण तिथे यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवत असल्याने आकडा बराच वेळ बरा दिसतो.

गरोदरपणाच्या शेवटी फायब्रिनोजेन एरवीच ४०० ते ६०० असतं. मग २१० म्हणजे जवळपास निम्मं किंवा त्याहून अधिक संपलं, असंच वाचायचं ना? डी-डायमर गरोदरपणात तसाही वाढतो, म्हणून निव्वळ त्यावर माझा भरवसा बसत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा वेळी तुम्ही तपासण्या किती तासांनी परत पाठवता? आणि रक्तस्राव चालू असेल, तर क्रायोप्रेसिपिटेट २०० च्या खाली जाण्याआधीच मागवता का? एका आकड्यापेक्षा उतरता क्रम महत्त्वाचा वाटतो, पण प्रत्यक्ष हाताळलेल्यांचं मत हवं आहे.