सहा ऑपरेटरना सेटिंगचं ट्रेनिंग: ४.२० लाख परत येतील का?

अंबडचा वर्कशॉपवाला

अंबड एमआयडीसीत माझं जॉबवर्क आहे. सहा व्हीएमसी ऑपरेटरना तीन महिन्यांच्या सेटिंग-प्रोग्रॅमिंग कोर्सला पाठवायचं म्हणतोय. फी २.१० लाख, कोर्सच्या काळातला अर्ध्या दिवसाचा पगार १.६२ लाख, सरावाला अडकणारं मशीन आणि तुटणारे टूल मिळून ४८ हजार. एकूण ४.२० लाख. शिकल्यावर बाहेरून सेटर बोलवावा लागणार नाही, मशीन कमी थांबेल. त्यातून महिन्याला माणशी ६ हजार वाचतील आणि २ हजार पगारवाढीत जातील. म्हणजे वर्षाला माणशी ४८ हजार. सहा जणांचे तीन वर्षांत ८.६४ लाख, दुप्पट झाले. सध्या वर्षाला ३० टक्के माणसं सोडून जातात. कोर्सवाले म्हणतात ते १५ टक्क्यांवर येईल. एक माणूस गेला की नवा तयार होईपर्यंत माझे ४० हजार जातात, तेही वाचतील. बायको माझे हिशेब बघते. तिला हा हिशेब पटत नाही. कुठे चुकतोय?

गंगापूर रोड

तिसऱ्या वर्षी येणारे पैसे आजच्या भावाने धरलेत, ही पहिली चूक. दुसरी म्हणजे माणसं पळून जाण्याची जोखीमच धरलेली नाही. सरळ २५ टक्के दराने वटाव लावा. तरी फायदा दिसला तरच पाठवा.

कॉस्टिंगवाली

वटाव लावायला हवा हे बरोबर, पण जोखीम दरात कोंबली की उत्तर भलतीकडे जातं. २५ टक्के लावून सहाही जण तीन वर्षं राहिले असं धरा: दीड लाखाच्या आसपास फायदाच दिसतो. म्हणजे दर वाढवूनही माणसं गेल्याचं नुकसान हिशेबात आलं नाही.

जाणारी माणसं डोकी मोजूनच वजा करायची. दर १२ टक्केच ठेवा, बँकेच्या सीसीच्या व्याजाच्या आसपासचा. वर्षाला ३० टक्के गेले तर सहापैकी पहिल्या वर्षाअखेर सरासरी ४.२ उरतात, दुसऱ्याला २.९, तिसऱ्याला २. फायदा फक्त उरलेल्यांचा. वर्षवार आकडे आजच्या किमतीत आणले की ३.६३ लाख होतात आणि खर्च आहे ४.२० लाख. साधारण ५७ हजारांचा तोटा. गळती आत्ताइतकीच राहिली तर तुमच्या मिसेस बरोबर आहेत.

आता कोर्सवाल्यांचं १५ टक्के खरं धरा. उरलेल्यांचा फायदा ५.१० लाख होतो, कमी माणसं बदलावी लागल्याने वाचलेले ८६ हजार वेगळे. निव्वळ पावणेदोन लाख हातात. उलट सर्टिफिकेट मिळाल्यावर दुसऱ्यांनी ओढून नेलं आणि गळती ४० टक्के झाली, तर जवळपास दोन लाखांचा तोटा.

म्हणून १५ खरं का खोटं यावर वाद घालू नका. बरोबरी कुठे होते ते बघा. ती २६ टक्क्यांवर होते. ३० वरून २६ वर आलं तरी पैसे सुटतात.

इंदिरानगर

एवढा खर्च कशाला करता? अप्रेंटिस घ्या. एनएपीएस या सरकारी अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. माझ्याकडे चार पोरं आहेत.

अंबडचा वर्कशॉपवाला

दादा, ते नवीन पोरांसाठी. माझे सहाही जण आधीपासून पगारावर आहेत, त्यांना अप्रेंटिस दाखवता येणार नाही.

देवळालीचा मशीनिस्ट

मालक, जाणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून लिहितो. मागच्या कंपनीने मला असाच कोर्स करवला. परत आलो तर त्याच मशीनवर बटण दाबायला उभं केलं. सेटिंग जुना सेटरच करायचा, कारण मी मशीन ठोकेन अशी त्याला भीती. पगार आठ महिने तोच. दिवाळीचा बोनस हातात पडला आणि मी निघालो. सगळे तेव्हाच निघतात. शिकल्यावर त्याच महिन्यात काम दिलं असतं तर मी थांबलो असतो. २ हजार वाढ म्हणताय, पण सेटरला बाहेर याहून जास्त मिळतं हे त्या सहाही जणांना ठाऊक असणार.

गंगापूर रोड

मग तीन वर्षांचा बाँड लिहून घ्या, विषय संपला.

सिन्नर फाटा

विषय तिथे संपत नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड उचलून धरला, हे खरं. पण करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते. वर्कशॉपवाल्याने १८ हजार पगाराच्या माणसावर ७० हजारांसाठी दावा लावायचा, तारखा खायच्या, वकिलाची फी भरायची? मी एकदा केलंय. वसुलीपेक्षा खर्च जास्त झाला. मुद्दाम सांगतो, मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवू नका. माणूस मनातून तेव्हाच गेलेला असतो.

माझं मत: पाठवूच नका. हे कौशल्य कुठल्याही मशीनवर चालतं, त्यामुळे पैसे तुमचे आणि फायदा शेजारच्या शेडचा. तयार सेटर जास्त पगार देऊन आणा.

कॉस्टिंगवाली

तयार सेटरही सोडून जातोच, त्यालाही हीच ३० टक्क्यांची रेघ लावा आणि मग तुलना करा.

देवळालीच्या दादांचा मुद्दा आकड्यात घालून बघितला. वाढ २ ऐवजी ३ हजार दिली तर माणशी फायदा वर्षाला ३६ हजार उरतो. त्यामुळे गळती १५ वर आली तर तरीही निव्वळ ४९ हजार सुटतात. पण ती ३० वरच राहिली तर तोटा दीड लाखाच्या आसपास जातो. म्हणजे वाढ द्यायची तर तिच्यामुळे माणूस थांबतोय याची खात्री हवी.

आणि ती खात्री तुम्हाला कधीच मिळणार नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सहा जणांत ३० टक्के म्हणजे वर्षाला १.८ माणसं, २६ टक्के म्हणजे १.५६. एका माणसाच्या वडिलांचं आजारपण आलं, तो गावी गेला, की आकडा १७ टक्क्यांनी हलतो. वर्षाअखेर दोघे गेले तर कोर्स फसला का चालला, काहीच कळत नाही.

मोजता येतो तो ६ हजारांचा आकडा. आजपासून रोज लिहा: जॉब बदलताना मशीन किती मिनिटं थांबलं, पहिला पीस पास झाला का, बाहेरचा सेटर कितीदा आला. आधी दोघांना पाठवा, १.४० लाखांत. तीन महिन्यांत ६ ऐवजी ४ हजारच वाचले तर माणशी निव्वळ २ हजार उरतात. मग सहाही जण तीन वर्षं थांबले तरी १२ टक्के वटाव लावल्यावर नुसत्या या बचतीतून ४.२० लाख परत येत नाहीत. तेव्हा बाकीच्या चौघांचा प्रश्नच उरत नाही.

सिन्नर फाटा

दोघांनाच पाठवलं तर उरलेले चौघे नाराज होतील. त्यातला एक गेला की ४० हजार गेले. ते कुठे धरलंत?

कॉस्टिंगवाली

धरले नाहीत. धरायला हवेत.

अंबडचा वर्कशॉपवाला

मिसेसला दाखवलं. ती म्हणते, दिवाळीनंतर पाठवू, म्हणजे जे जायचे ते आधीच जातील आणि शिकलेल्यांचे नऊ महिने तरी मिळतील. दोघं कोण ते चिठ्ठ्या टाकून ठरवू आणि चौघांना पुढची बॅच कधी ते आत्ताच सांगू. सेटिंगची वही कालपासून सुरू केली. काल एका जॉबला फिक्स्चर बदलून पहिला पीस पास व्हायला ३ तास १० मिनिटं लागली. मी आजवर दीड तास समजत होतो.