√१० ने गुणण्याआधी

> "फंडाची रोजची व्होलॅटिलिटी १ टक्का आहे. दहा दिवसांसाठी सरळ √१० ने गुणलं तर चालेल ना?"

आजच्या परताव्याचा कालच्याशी संबंध नसेल तरच चालेल. दहा दिवसांच्या बेरजेच्या व्हेरियन्समध्ये दिवसादिवसांमधले कोव्हेरियन्सही येतात. √१० वापरताना आपण ते सगळे शून्य धरतो.

तुमच्या फंडात क्वचित व्यवहार होणारे रोखे असतील, तर मला पहिली शंका भावांचीच येईल. सौदा झाला नाही की जुनाच भाव पुढे ओढला जातो, आणि एकाच दिवसाचा धक्का तीन-चार दिवसांत वाटून दिसतो. समजा, सलग दिवसांचं ऑटोकोरिलेशन ०.३ आहे आणि पुढे ते ०.०९, ०.०२७ असं घटत जातं. मग व्हेरियन्स रेशो VR, म्हणजे दहा दिवसांचा व्हेरियन्स भागिले रोजच्या व्हेरियन्सची दहापट, असा येतो:

```
VR(10) = 1 + 2·Σ(1 − k/10)·0.3^k ,  k = 1..9
       ≈ 1.73
```

म्हणजे दहा दिवसांची व्होलॅटिलिटी ३.१६ नव्हे, त्याच्या √१.७३ पट, ४.१६ टक्के. परतावे नॉर्मल धरले, तर १० लाखांवर ९९ टक्के पातळीचा व्हॅल्यू ॲट रिस्क सुमारे ७३,५०० वरून ९७,००० रुपयांवर जातो. हा फरक फार मोठा आहे. ऑटोकोरिलेशन उणे ०.३ असेल तर उलट होतं: खरा आकडा २.४ टक्क्यांच्या आसपास येतो.

तपासायला सोपं आहे: दहा दिवसांच्या परताव्यांचा व्हेरियन्स काढा आणि त्याला रोजच्या व्हेरियन्सच्या दहापटीने भागा. उत्तर १ च्या जवळ हवं. मात्र वर्षभरात एकमेकांवर न चढणारे दहा-दहा दिवसांचे जेमतेम २५ तुकडे मिळतात, त्यामुळे निदान चार-पाच वर्षांचा डेटा घ्या.