ओव्हनशिवाय बाथ: आच किती, वेळ किती?

माडाची_सावली: नाताळ जवळ आला आणि खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून केलेल्या बाथचा, म्हणजे आपल्या रवा-नारळाच्या गोवन केकचा वास आठवला. आता घरात गॅस आणि कढई. ज्यांना जमतो त्यांनी आच आणि वेळ नीट लिहा. पाव किलो रवा, एक नारळ, 3 अंडी, सात इंची डबा.

रवाळ: जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर कडी ठेवा. झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. डबा अर्ध्याहून थोडाच जास्त भरा, कडीवर ठेवा आणि लगेच गॅस अगदी बारीक करा. साधा केक 40 मिनिटांत होतो, पण बाथमध्ये ओल्या खोबऱ्याचा ओलावा असतो, म्हणून तासभर धरा. पहिली 40 मिनिटं झाकण उघडू नका, मधोमध बसतो. रवा रात्रभर भिजवलेला हवा, नाहीतर दाताखाली कचकचतो. बेकिंग पावडर मात्र भाजायला ठेवतानाच घाला.

म्हापसेकर: मिठाशिवाय होतच नाही. आणि एवढा वेळ कशाला, मोठ्या आचेवर अर्ध्या तासात होतो.

रवाळ: फुगलेला दिसेल, पण मोठ्या आचेवर कडा आधी घट्ट होतात, मधलं पीठ नंतर वर ढकललं जातं आणि माथा फुटतो. खालून काळा, मध्ये कच्चा. मीठ उष्णता धरून ठेवतं आणि सारखी पसरवतं एवढंच. वाळूही चालते. डबा बुडाला टेकता कामा नये, ते जास्त महत्त्वाचं.

फोंड्याची_सून: मी कुकरमध्ये दोन पेले पाणी घालते, शिट्टी काढून. छान मऊ होतो पण कधी खरपूस होत नाही, का?

रवाळ: ताई, तो वाफवला जातोय, सान्नांसारखा. केकला पाणी अजिबात नको. कुकरची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा, म्हणजे वाफ बाहेर जाते. पातळ ॲल्युमिनियमचा कुकर कोरडा तापवून बूड वाकू शकतं, जुनाच वापरा. नॉनस्टिक कढई नकोच.

हीर_आणि_केरसुणी: झाकणावरचं पाणी केकवर ठिबकतं त्याचं काय? मी झाकणाला फडकं बांधते.

रवाळ: बांधा, पण टोकं वर गाठून घ्या, ज्योतीकडे लोंबली तर पेट घेतील. स्वच्छ हीर मधोमध खुपसा. पीठ चिकटलं तर आणखी दहा मिनिटं. नुसता ओलसर कण लागला तर झालं, खोबऱ्यामुळे ती अगदी कोरडी येत नाही.

माडाची_सावली: आणि वरून रंग?

रवाळ: आच खालून असते, त्यामुळे वरचा भाग फिकाच राहतो. पूर्ण गार झाल्यावर तूप लावलेल्या तव्यावर मिनिटभर पालथा घाला. गरम असताना उलटलात तर मोडेल.

म्हापसेकर: तव्यावरचा रंग म्हणजे निखाऱ्याचा नव्हे हो. चव वेगळीच.

फोंड्याची_सून: इंडक्शनवर कोणी केलाय का? गॅस संपत आलाय आणि नारळ खवून बसलाय.