५०० घनमीटरची टाकी पुरेल का?

«गोदामात खोक्यांची थप्पी आहे. स्प्रिंकलर १२.५ मिमी प्रति मिनिट, क्षेत्र २६० चौ.मी., वेळ ९० मिनिटे धरली. टाकी ५०० घनमीटर, पंप ४५५० लिटर प्रति मिनिट. ठीक आहे ना?»

पंप ठीक, टाकीत गफलत आहे. १२.५ गुणिले २६० म्हणजे ३२५० लिटर प्रति मिनिट, पण प्रत्यक्षात पंपाजवळच्या स्प्रिंकलरवर दाब जास्त असल्याने ते गरजेपेक्षा जास्त पाणी सोडतात. त्यासाठी प्राथमिक हिशेबात मी १० टक्के धरतो, म्हणजे ३५७५. नक्की आकडा पाइपांच्या हायड्रॉलिक गणितातूनच येईल. ९० मिनिटांना हे ३२२ घनमीटर झाले. हायड्रंटला वेगळा पंप असला तरी पाणी त्याच टाकीतून जातं. १९०० लिटर प्रति मिनिट धरले, तर आणखी १७१. बेरीज ४९३, म्हणून तुम्हाला ५०० पुरेसे वाटले असणार.

पण हे वापरता येणारं पाणी हवं. सक्शनच्या तोंडाशी भोवरा होऊन हवा ओढली जाऊ नये म्हणून तळाचं पाणी सोडावं लागतं. १२ बाय १० मीटरच्या टाकीत अर्धा मीटर सोडला की ६० घनमीटर गेले. तेव्हा किमान ५५३ बांधा.

थप्पीची उंची तुम्ही लिहिलीच नाही. १२.५ हा आकडा तिच्यावरच उभा आहे. उद्या भाडेकरूने उंच रॅक लावले, तर हे सगळं गणित पुन्हा.